वाढदिवसाचा मजकूर सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत मजकूर लिहून देण्याचं काम करते. लग्नपत्रिका, मानपत्रं, वास्तुशांतीची निमंत्रणं असं सगळंच असतं, पण सगळ्यात जास्त मागणी वाढदिवसाच्या चार ओळींना. निरोप बहुतेक वेळा एवढाच येतो: "उद्या वाढदिवस हाय, चार ओळी पाठवा, भारी पाहिजेत." कुणाचा, ते माणूस तुमचं कोण, वय काय, ओळी हसवणाऱ्या हव्यात की जपून लिहिलेल्या, यातलं काहीच त्यात नसतं. मग मी उलट विचारते आणि पुढचे प्रश्न निघतात. तेच इथे लिहून ठेवलेत.

नाव आणि तारीख दिली की. नातं कशाला पाहिजे?

कारण मराठीत नातं कळल्याशिवाय पहिलं क्रियापदसुद्धा लिहिता येत नाही. "सुखी व्हा" हे एकट्या मित्राला चालत नाही, "सुखी हो" म्हणावं लागतं. "असाच हसत राहा" लिहिलं तर मी धरून चाललेय की तो पुरुष आहे आणि तुम्ही त्याला अहो-जाहो करत नाही. "तुझा", "तुमचा" की "आपला", हे ठरल्याशिवाय हात पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. आपल्याकडे आशीर्वाद वरून खाली येतो आणि नमस्कार खालून वर जातो. पुतण्यानं काकांना "तुम्हाला उदंड आयुष्य लाभो" म्हणणं गोड वाटतं, कारण तिथे तो देवाकडे मागतोय. त्यानंच "औक्षवंत व्हा" असं थेट सांगितलं तर तो काकांना आशीर्वाद देऊन बसतो. जुन्या पत्रांत धाकट्यासाठी "अनेक उत्तम आशीर्वाद" आणि थोरासाठी "शिरसाष्टांग नमस्कार" असे मायने वेगवेगळे होते ते यासाठीच. मायने गेले, पण वाचणाऱ्या थोरल्या माणसाच्या कानाला ही दिशा अजून कळते.

मी "आक्काचा वाढदिवस" असं सांगितलं होतं. त्यात नातं आलंच की.

आलं नाही, आणि आमच्या भागात तर अजिबात नाही. आक्का म्हणजे थोरली बहीण, हे खरं. कन्नडमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीणच, आणि जत, मिरजेकडे दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात. पण आईला तिचे धाकटे भाऊ आक्का म्हणायचे म्हणून पोरंही आक्काच म्हणतात, अशी घरं मला कितीतरी माहीत आहेत. आत्या आक्का असते, आजी आक्का असते, गल्लीतल्या जाणत्या बाईलाही सगळे आक्का म्हणतात.

पुरुषांच्या बाबतीत तेच. दादा म्हणजे थोरला भाऊ, पण कित्येक घरांत वडील दादा असतात. अण्णा, आप्पा, तात्या, आबा, नाना, बापू यांतलं कुठलंही नाव बापाचं, चुलत्याचं, आजोबाचं असू शकतं. शिवाय हीच नावं या जिल्ह्यात पुढाऱ्यांना लागलेली आहेत. वसंतदादा, राजारामबापू, क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड ही घरातली हाक सगळ्या मुलखाची झाली. त्यामुळे "दादांच्या वाढदिवसाला टाकायचंय" असं कुणी म्हटलं की ते वडील आहेत की तालुक्याचे नेते, हे विचारावंच लागतं. वडिलांसाठी "दादा, तुमच्या हातचा मार आठवतो" शोभेल. नेत्यासाठी "आपणांस" लागेल.

मग तुम्ही नेमकं काय विचारता?

नातं काय, असं मी विचारत नाही. त्याला "घरचंच माणूस हाय" असं उत्तर मिळतं. मी विचारते: तुम्ही त्यांना हाक काय मारता, आणि अगं-अरे करता की अहो?

या एका उत्तरात अर्ध्याहून जास्त काम होतं. "आई" आणि "अगं" आलं की जन्मदाती. "आई" आणि "अहो" आलं की बहुतेक वेळा सासूबाई, कारण स्वतःच्या आईला अहो म्हणणारी घरं इथे थोडी. वडिलांचं तसं नाही. "बाबा" म्हणून अरे-तुरे करणारी तरुण मुलं आहेत आणि "दादा, जेवलासा का?" असं अदबीनं विचारणारी पन्नाशीची माणसंही आहेत. तिथे अंदाज करायचा नाही, विचारायचंच.

खरं तर नीट ऐकलं तर तुमच्या पहिल्या वाक्यातच खूण असते. "आईचा वाढदिवस" आणि "आईंचा वाढदिवस" यांत एका टिंबाचा फरक आहे. ते टिंब आदराचं. "आक्काचा" म्हणणारा अगं म्हणतो आणि "आक्कांचा" म्हणणारा अहो. पण निरोप मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहिला की हे टिंब गळून पडतं. म्हणून मी लोकांना सांगते, टाइप करू नका, बोलून आवाज पाठवा. वीस सेकंद बोललात की मला टिंबही ऐकू येतं आणि त्या माणसाचं नाव घेताना तुमचा आवाज कसा होतो तेही.

वय सांगायलाच पाहिजे का? बायकांना आवडत नाही.

आकडा नको, टप्पा सांगा. शाळकरी, कॉलेजचं, संसाराला लागलेलं, साठीच्या पुढचं, ऐंशीच्या पुढचं. एवढं पुरतं. आकडा मजकुरात घालायचा की नाही हा वेगळा प्रश्न, आणि विचारल्याशिवाय तो मी घालतही नाही.

टप्पा मात्र हवाच. लहान पोराच्या वाढदिवसाचा मजकूर पोर वाचत नाही, त्याचे आई-बाप वाचतात. म्हणून तिथे "चि." चालतं, आणि पोरगं परवा पहिल्यांदा "आज्जी" म्हणालं याचा उल्लेख चालतो. तेच "चि." पंधरा वर्षांच्या मुलाला लावलं की तो स्टेटसला ठेवत नाही. पंचवीस-तिशीच्या माणसाला "लवकर दोनाचे चार होवोत" लिहू नका, असं मी माझ्या बाजूनं सांगते. ज्याचं स्थळ तीन ठिकाणी मोडलंय त्याला ते चारचौघांत वाचावं लागतं.

म्हाताऱ्या माणसांना "शतायुषी व्हा" लिहिलं की झालं ना?

साठीच्या माणसाला लिहा, छान आहे. चौऱ्याण्णव वर्षांच्या आजीला लिहिलं तर तुम्ही तिला सहाच वर्षं दिली. ऐकणाऱ्या म्हातारीच्या हे बरोबर ध्यानात येतं, बोलून दाखवत नाही एवढंच. नव्वदीच्या पुढे मी वर्षांचा हिशेबच काढत नाही. "पायांना बळ राहो, जेवण गोड लागो, नातवंडांचा गलका कानावर पडो" असं लिहिते. त्या वयाला माणूस खरंच हेच मागतो.

मोठ्या वाढदिवसांच्या नावांतही गफलत होते. पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव म्हणायचं, पण 75 वर्षं पूर्ण झाली की 75 वं लागलं? गावाकडे चालू वर्ष मोजायची सवय आहे, त्यामुळे "पंचाहत्तरावं हाय" म्हणजे अजून चौऱ्याहत्तरच पूर्ण झालेली असतात. मानपत्र किंवा फ्लेक्स असेल तर मी जन्मसाल विचारते आणि स्वतः वजाबाकी करते. सहस्रचंद्रदर्शन ऐंशीव्या वाढदिवसाला येत नाही. हजार पौर्णिमा व्हायला साधारण 80 वर्षं 10 महिने लागतात, म्हणून ते बहुतेक ठिकाणी एक्याऐंशीच्या सुमारास करतात. वाढदिवसाच्याच दिवशी आलं पाहिजे असंही नाही.

आणखी एक. पुष्कळ जुन्या माणसांचा कागदावरचा वाढदिवस 1 जून असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नव्हती, गुरुजींनी 1 जून टाकली आणि सालही अंदाजानं धरलं. माझ्याकडे 1 जूनच्या आदल्या संध्याकाळी जेवढे निरोप येतात तेवढे वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच दिवशी येत नाहीत. अशा वेळी आकडा छापू नये. घरात कुणाला तरी खरं वय वेगळं माहीत असतं आणि केक कापायच्या आधी वाद लागतो.

नावापुढे "सौ." लावा, एवढं तरी तुम्हाला कळतंच की?

नाही कळत, आणि हे मी फार वाईट रीतीनं शिकले. सुरुवातीच्या काळात एका बाईंच्या पन्नाशीसाठी कार्ड हवं होतं. मागणी चुलतभावाकडून आली, नाव आणि तारीख एवढीच. मी नावापुढे "सौ." लावलं आणि शेवटी "अखंड सौभाग्य लाभो" असं लिहिलं. त्यांचे पती जाऊन आठ महिने झाले होते. कार्ड त्यांनी उघडलं, वाचलं आणि शांतपणे पिशवीत ठेवलं. हे मला त्यांच्या लेकीनं नंतर सांगितलं. चुलतभावानं सांगायला हवं होतं असं म्हणता येईल, पण लिहिणारी मी होते आणि विचारणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी "सौ." स्वतःहून लावत नाही. "श्रीमती"ही नाही. कचेरीत तो शब्द कुठल्याही बाईला लावतात, पण आपल्याकडे अजून पुष्कळ जण तो वाचून नवरा नसल्याचाच अर्थ काढतात. "गं. भा." तर मी कधीच लिहिलं नाही आणि लिहिणार नाही. घरचा मजकूर असेल तर हाकेचं नाव पुरतं: आक्का, मावशी, वहिनी. बाहेरचा असेल तर पूर्ण नाव आणि पुढे "यांना". आदर "यांना"मध्ये येतो, त्याला वेगळी पाटी लागत नाही.

मी "भारी पाहिजे" असं सांगितलं होतं. त्यापेक्षा जास्त काय सांगू?

"भारी", "नाद खुळा", "एकदम कडक" हे शब्द मला आवडतात, पण त्यावरून काही लिहिता येत नाही. कुणाला भारी म्हणजे डोळ्यात पाणी आणणारं हवं असतं, कुणाला यमक जुळलेलं, कुणाला गल्लीत मोठा दिसणारा शब्द. म्हणून भाव कुठला हवा असं मी विचारत नाही. हे कोण वाचणार आणि कुठे, असं विचारते.

फ्लेक्सवर जाणार असेल तर गाडीवरून जाणारा माणूस ते दोन-तीन सेकंद बघतो. तिथे सहा-सात शब्दांच्या पुढे कुणी वाचत नाही. घरच्या ग्रुपवर जाणार असेल तर चाळीस नातेवाईक वाचतात, मग तिथे बायकोच्या वजनावरची चेष्टा नको, भले तुम्ही दोघं घरी रोज करत असाल. एकट्या माणसाला पाठवायचा असेल तर ज्याचा अर्थ दोघांनाच कळतो असा शब्द घालता येतो. आणि कुणी वाचून दाखवणार असेल तर सगळंच बदलतं. जोडाक्षरं कमी, वाक्यं छोटी, आणि श्वास घ्यायला जागा.

तरीही कळलं नाही तर मी दोन नमुना ओळी पाठवते, एक हसरी आणि एक साधी. "यातली कुठली तुमच्या तोंडी शोभेल?" असं विचारलं की माणूस लगेच बोट ठेवतो. स्वतःच्या भावनेचं नाव सांगणं अवघड जातं, ओळ ओळखणं सोपं.

एखादं उदाहरण दाखवा ना, या प्रश्नांनी काय फरक पडला ते.

खानापूर, आटपाडीकडची बरीच माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. त्यांतल्याच एकाचा तमिळनाडूतून निरोप आला: उद्या आक्काचा वाढदिवस, चार ओळी, भारी. इंग्रजी अक्षरांत, म्हणजे टिंबाचा पत्ता नाही.

मी विचारलंच नसतं तर थोरली बहीण धरून असं काहीतरी लिहिलं असतं: "माझ्या वाटणीचा खाऊ पळवणाऱ्या आणि तरी माझी बाजू घेणाऱ्या आक्काला वाढदिवसाच्या ढीगभर शुभेच्छा!" ओळ वाईट नाही. हजार बहिणींना चालेल.

मी विचारलं, हाक काय आणि अगं की अहो? "आक्काच म्हणतो, अगं." बहीण का? "नाही, आत्या. तिनंच वाढवलं मला." वय? "सत्तरीच्या आतबाहेर असंल." इथे मी आकडा सोडून दिला. वाचणार कोण? थोडं थांबून तो म्हणाला, "तिला वाचाय येत नाही आता. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मीच फोन लावून वाचून दाखवणार."

या उत्तरानं बहिणीची ओळ तर गेलीच, यमकही गेलं. शेवटी मी एकच विचारलं, जे मी नातं कळल्यावर नेहमी विचारते: तिनं केलेली अशी एक गोष्ट सांगा जी दुसऱ्या कुणी केली नाही. तो म्हणाला, शाळेची एस.टी. फाट्यावर थांबायची नाही, तर ती रोज येऊन हात करायची आणि हा आत बसेपर्यंत उभी राहायची.

मग मजकूर असा झाला:

"आक्का, आज तुझा वाढदिवस. माझी शाळा बुडू नये म्हणून तू रोज फाट्यावर येऊन एस.टी.ला हात करायचीस. मी आत बसलो तरी तू हलायची नाहीस. आता एवढ्या लांब आलोय, पण गाडी सुटताना अजून मागं वळून बघतो. डोळ्यात औषध वेळेवर घाल. उन्हात जाऊ नको. दिवाळीला येतोय. इथनंच पाया पडतो."

यात "शुभेच्छा" हा शब्द नाही. आत्या भाच्याकडून शुभेच्छांची वाट बघत नसते, तो कधी येणार ते तिला हवं असतं. "औक्षवंत हो" नाही, कारण आशीर्वाद तिनं द्यायचाय. सत्तर हा आकडाही नाही. शेवटची "दिवाळीला येतोय" ही ओळ त्याला विचारून घातली. खरंच येणार नसाल तर काढा, असं मी बजावलं होतं.

आम्ही पाच भावंडं मिळून पाठवणार. कुणी बापाला अरे म्हणतो, कुणी अहो. मग?

अहो धरा. अरे म्हणणाऱ्याच्या नावानं अहो गेलं तर बापाला हसू येतं, अहो म्हणणाऱ्याच्या नावानं अरे गेलं तर खटकतं. आणि आठवण अशी निवडा जी पाचही जणांच्या वाट्याला आली. थोरल्याची सायकल धाकट्याच्या जन्माआधी विकली गेली असेल, तर ती नको.

मला नातं सांगायचं नाही.

नका सांगू. फक्त हाक कुठली घालू, अगं की अहो, आणि हे दुसरं कुणी वाचण्याची शक्यता आहे का, एवढं सांगा. तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर मी असं लिहिते की परक्याला ते मैत्रीचंच वाटेल.

सगळ्यांना चालेल असा एकच मजकूर देऊन ठेवा की.

देता येतो, आणि त्याची युक्तीही सांगते. क्रियापद माणसाला लावायचंच नाही, वर्षाला किंवा दिवसाला लावायचं. म्हणजे तू, तुम्ही, बाई, पुरुष, काहीच ठरवावं लागत नाही:

"वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. येणारं वर्ष निरोगी आणि समाधानाचं जावो. मनातलं एखादं तरी काम यंदा तडीस जावो."

ऑफिसातला सहकारी, वरच्या मजल्यावरचे काका, मुलाच्या शाळेतल्या बाई यांना हे चालतं. वीस आणि साठ या वयांच्या मध्ये कुठेही अडत नाही. पण सहा वर्षांच्या पोराला ते नोटिशीसारखं वाटेल, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला "निरोगी" हा शब्द टोचेल. त्याच्यासाठी "निरोगी" काढून "आरामाचं" घाला. आणि आईला हे कधीही पाठवू नका. आईला कळतं की हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही.

रात्री अकराला निरोप टाकला आणि झोपलो. तुमच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही, तर काय पाठवता?

दोन मजकूर पाठवते आणि प्रत्येकाच्या वर काय धरलंय ते स्पष्ट लिहिते. "हा थोरल्या बहिणीसाठी, अगं धरून." "हा वडीलधाऱ्या बाईंसाठी, अहो धरून, वय न लिहिता." तिसरा वर दिलेला, कुणालाही चालणारा. त्या वरच्या ओळी पाठवण्याआधी पुसायच्या, हेही लिहिते, कारण एकदा एकानं त्या तशाच पुढे पाठवल्या होत्या. गंभीर आजार, घरातला नुकताच झालेला मृत्यू किंवा मोडलेलं लग्न यातलं काही असू शकतं अशी शंका आली, तर मी तिसराच पाठवते आणि सकाळी फोन करते.